चढावर टाच, उतारावर नख

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची वाट यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाते आणि त्याच रस्त्याने साताऱ्यात उतरते. शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात असल्यामुळे अंगावर घामाच्या जोडीला पाऊसही असतो. अडीच तासांत २१ किलोमीटर संपवणाऱ्या धावकाचा प्रत्येक पाय या वेळात साधारण बारा हजार वेळा जमिनीवर पडतो. बूट जरासा जरी हलत असला, तरी ती हालचाल तितक्याच वेळा होते.

चढावर त्रास होतो तो टाचेला. पाऊल उचललं की टाच बुटातून किंचित वर सरकते. फोड नुसत्या वरवरच्या घासण्याने येतो असा समज आहे, पण घडतं ते थोडं आत. वरची त्वचा मोज्याला चिकटून एका जागी राहते आणि आतलं हाड पुढे-मागे सरकत राहतं. या ओढाताणीत त्वचेचे मधले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. ओलसर त्वचा मोज्याला जास्त घट्ट धरते, म्हणून पावसात फोड लवकर येतात. सुती मोजे इथे घातकच. ते पाणी शोषतात, जड होतात आणि शर्यत संपेपर्यंत वाळत नाहीत. कृत्रिम धाग्याचे किंवा मेरिनो लोकरीचे, पायाला चपखल बसणारे मोजे घ्यावेत.

ज्यांना नेहमी ठरावीक जागीच फोड येतो, त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी, म्हणजे जखमेवरचा कापूस धरायला वापरतात ती, पुरेशी आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे २५० किलोमीटरच्या, टप्प्याटप्प्याने धावायच्या शर्यतीतल्या १२८ धावकांच्या पायांवर ही पट्टी लावून पाहिली होती. पट्टी लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. पट्टी कोरड्या त्वचेवर, एकच थर आणि सुरकुती न पडू देता लावायची. सुरकुती पडली तर तिथेच नवा फोड येतो.

घाटमाथ्यावरून परत फिरलं की दुखणं टाचेकडून बोटांकडे जातं. उतारावर प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे घसरतो आणि अंगठ्याचं किंवा त्याच्या शेजारच्या लांब बोटाचं नख बुटाच्या टोकावर आदळतं. नखाखालची बारीक रक्तवाहिनी फुटते, रक्त साकळतं आणि नख काळं पडतं. पुष्कळदा ते गळून जातं. अंगठ्याचं नख पूर्ववत व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

यावर बरेच जण एक माप मोठा बूट घेतात. मोकळी जागा हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी आणि माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, धावायचेच मोजे घालून घ्यावं. मात्र घोट्याशी बूट सैल राहिला, तर मोठ्या बुटातही पाय पुढे घसरतोच.

खरा उपाय लेस बांधण्यात आहे. धावण्याच्या बहुतेक बुटांना घोट्याजवळ एक जादा भोक असतं आणि ते सहसा रिकामंच राहतं. लेसचं प्रत्येक टोक आपल्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास ठेवायचा. मग डावं टोक उजव्या फासातून आणि उजवं डाव्या फासातून काढून, खाली-मागे ओढून गाठ मारायची. बोटांवरची लेस सैलच राहू द्यावी. अशी बांधणी टाच जागेवर धरते, म्हणून चढावरचा फोड आणि उतारावरचं काळं नख दोन्हींना आळा बसतो. पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या आल्या, तर लेस जास्त आवळली गेली आहे. नखं सरळ आणि आखूड कापावीत, तीही शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी.

मांड्या, काखा, स्तनाग्रं आणि महिलांच्या ब्राच्या पट्ट्यांखालची जागा काचते ती ओल्या कपड्यांनी आणि घामातल्या मिठाने. निघण्यापूर्वी तिथे व्हॅसलिनचा जाड थर लावावा. स्तनाग्रांवर वर सांगितलेली कागदी पट्टीही चालते. शर्यतीच्या सामानासोबत मिळालेला नवा टी-शर्ट त्या दिवशी घालण्याचा मोह टाळावा. लांबच्या सरावात भिजून पारखलेलेच कपडे घालावेत.

एवढं करूनही फोड आला आणि दुखत नसेल, तर तो फोडू नये. मधुमेह असलेल्यांनी तर त्याला हातही न लावता डॉक्टरांना दाखवावा. काळ्या नखाकडेही लक्ष असू द्यावं. मार बसून पडलेला डाग नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतो. मार न लागता आलेला, जागचा न हलणारा किंवा कडेच्या त्वचेवर पसरणारा काळा पट्टा क्वचित त्वचेच्या कर्करोगाचा असू शकतो; तो धावण्यामुळे आला असं गृहीत न धरता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.