राऊटरविना निरोप, आणि त्याची पोच

घराच्या गच्चीवर टाकी आणि तिथून ३०० मीटरवर विहीर, विहिरीवर मोटर. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी, एवढीच मागणी. वायर ओढायची तर मध्ये रस्ता आणि शेजाऱ्याचा बांध. मोबाइलवर चालणारा स्टार्टर घ्यावा, तर सिमचा रिचार्ज आला आणि विहिरीवर रेंजही हवी. अशा ठिकाणी ईएसपी-३२ नावाचे दोन छोटे वायफाय बोर्ड, एक टाकीपाशी आणि एक मोटरपाशी, राऊटर नसतानाही एकमेकांशी थेट बोलू शकतात. चिप बनवणाऱ्या शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने त्यासाठी ईएसपी-नाऊ नावाची पद्धत दिली आहे.

यात जोडणी नाही, पासवर्ड नाही. प्रत्येक बोर्डाला कारखान्यातूनच एक कायमचा मॅक पत्ता मिळालेला असतो. टाकीवरचा बोर्ड विहिरीवरच्या बोर्डाचा पत्ता घालून निरोप हवेत सोडतो, बस. मूळ पद्धतीत एका निरोपात जास्तीत जास्त २५० बाइट मावतात. ‘मोटर बंद’ सांगायला एक बाइटही पुरतो, त्यामुळे ती अडचण नाही.

अडचण अंतराची आहे. मोकळ्या मैदानावर २०० मीटर सहज गाठणारे बोर्ड शेतात ८०-१०० मीटरवरच मुके होतात, आणि दोष चिपवर येतो. खरं कारण बहुधा ऊस असतो. रेडिओलहरी दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेतूनच जात नाहीत. मधोमध फुगलेला बराच रुंद पट्टा त्यांना लागतो. वायफायच्या लहरींसाठी ३०० मीटरच्या मध्यावर हा पट्टा रेषेपासून चहूबाजूंनी साधारण ३ मीटर पसरतो. त्यात पाण्याने भरलेली पानं किंवा खुद्द जमीन शिरली की सिग्नल पडतो. म्हणून उसाच्या शेंड्याच्याही वर, ५-६ मीटरच्या खांबावर बाहेरचा अँटेना लावणं हे ताकदवान बोर्ड शोधण्यापेक्षा जास्त कामाचं. बोर्ड लोखंडी स्टार्टरपेटीत बंद केला असेल, तर मात्र खांब कितीही उंच करा, आतला अँटेना ऐकणारच नाही.

एस्प्रेसिफने लांब पल्ल्याची एक संथ पद्धतही दिली आहे. वेग कमी केला की क्षीण सिग्नलही उलगडता येतो. पण ती दोन्ही टोकांना चालू करावी लागते. साध्या वायफायला ती भाषा कळत नाही.

आता पोच. निरोप सोडल्यावर प्रोग्रामला `ESP_NOW_SEND_SUCCESS` असं उत्तर येतं आणि बहुतेक जण तिथेच समाधान मानतात. ही पोच पत्त्यावरच्या माणसाची नसते. रजिस्टर पत्रावर सोसायटीच्या वॉचमनने सही करावी तसा प्रकार आहे. निरोप पकडताच समोरची रेडिओचिप सेकंदाच्या काही लाखाव्या भागात स्वतःहून पोच देऊन मोकळी होते. तेव्हा वरचा प्रोग्राम अडकलेला असू शकतो, रिले चिकटलेला असू शकतो, मोटरही चालूच असू शकते. निरोप सर्वांना उद्देशून सोडला, म्हणजे पत्ता `FF:FF:FF:FF:FF:FF` दिला, तर पोच मागितलीच जात नाही; तिथल्या ‘यशस्वी’चा अर्थ फक्त ‘हवेत सोडला’ एवढाच.

उलटही घडतं. निरोप पोचतो, मोटर बंद होते, पण परतीची पोच वाटेत हरवते. टाकीवरचा बोर्ड अपयश समजून निरोप पुन्हा पाठवतो. आज्ञा ‘आहे ती स्थिती उलटी कर’ अशी लिहिलेली असेल, तर बंद झालेली मोटर पुन्हा सुरू होईल. म्हणून आज्ञा नेहमी ‘बंद कर’ किंवा ‘चालू कर’ अशी स्पष्ट हवी. सोबत क्रमांक घातला, की जुनाच निरोप पुन्हा आल्याचं विहिरीवरच्या बोर्डाला ओळखता येतं. शिवाय टाकीवरचा बोर्ड दर १० सेकंदांनी पातळी कळवतोच. मिनिटभर काही ऐकू आलं नाही, तर विहिरीवरच्या बोर्डाने कुणाला न विचारता मोटर बंद करावी.

एक बिघाड फसवा आहे. दोन्ही बोर्ड एकाच वायफाय चॅनेलवर असावे लागतात. घरचा बोर्ड मोबाइलवर पातळी दाखवण्यासाठी राऊटरलाही जोडलेला असेल, तर तो राऊटरच्या चॅनेलवर जातो. वीज जाऊन आली, राऊटरने १ सोडून ११ धरला, की काल उत्तम चालणारी जोडी आज एकही पोच देत नाही. हळूहळू बिघडत गेलं तर अँटेना किंवा पीक पाहावं. दिवे आल्याबरोबर सगळंच बंद पडलं तर चॅनेल. राऊटरमध्ये चॅनेल कायमचा ठरवून टाकला की हा त्रास संपतो.

खरी पोच हवी असेल, तर विहिरीवरच्या प्रोग्रामनेच वेगळा निरोप परत पाठवायला हवा, आणि तोही रिलेकडे पाहून नव्हे. मोटरच्या वायरभोवती करंट मोजणारी कडी बसवावी. आकडा शून्य झाला तर मोटर खरंच थांबली. चालू असताना तो नेहमीपेक्षा बराच उतरला, तर विहिरीतलं पाणी खाली गेलं असून मोटर कोरडी फिरते आहे, हेही त्याच निरोपात घरी कळतं.