विक्रीचा रुपया आणि वाटेत सांडणारे पैसे

आपल्याकडच्या मध्यम उद्योगांत विक्री-विभागांची क्रमवारी लावायची एकच जुनी रीत आहे. कुठल्या विभागानं किती लाखांचा माल विकला ते पाहायचं. जास्त विकणाऱ्याचा सत्कार होतो आणि कमी विकणाऱ्याला महिनाअखेरीच्या बैठकीत उभं केलं जातं. तो माल विकायला किती खर्च झाला हे मात्र या बैठकीत कुणी विचारत नाही, कारण तो खर्च विभागवार लिहिलेलाच नसतो. प्रवासाची बिलं एका खात्यात, कमिशन दुसऱ्या खात्यात आणि टेम्पो-ट्रान्सपोर्टचं भाडं तिसऱ्याच खात्यात पडतं. नफा-तोटा पत्रकात हे तिन्ही आकडे अख्ख्या कंपनीचे म्हणून दिसतात आणि त्यातला नागपूरचा वाटा किती, रत्नागिरीचा किती, हे कायमचं पुसलं जातं.

हे तीन खर्च विभागवार वेगळे काढून प्रत्येकाला त्या विभागाच्या विक्रीनं भागलं, की ‘रुपयामागे इतके पैसे’ असा आकडा मिळतो. विचार नवा नाही. स्वीडनमधल्या कांथाल या तापतारा बनवणाऱ्या कंपनीनं १९८०च्या दशकात गिऱ्हाईकवार असाच हिशेब मांडला. रॉबर्ट कॅप्लन यांनी त्यावर लिहिलेला अभ्यास व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही शिकवला जातो. तिथं निघालेलं चित्र धक्का देणारं होतं. वीस टक्के गिऱ्हाइकं एकूण नफ्याच्या सव्वादोनपट नफा मिळवून देत होती आणि दहा टक्के गिऱ्हाइकं त्यातला बराचसा घालवत होती. घालवणाऱ्यांत कंपनीची अगदी मोठी गिऱ्हाइकंही होती. मोठी विक्री म्हणजे मोठा नफा, या समजुतीला तिथं तडा गेला.

आपण हीच गोष्ट सांगलीजवळच्या एका मसाला कारखान्याच्या उदाहरणानं पाहू. कारखाना कल्पित आहे आणि आकडे हिशेब सोपा राहावा म्हणून गोल घेतले आहेत, पण त्यांचा तोल अशा धंद्यात दिसतो तसाच ठेवला आहे. विभाग चार: सांगली-कोल्हापूर, पुणे-सातारा, कोकण (रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग) आणि विदर्भ. महिन्याची सरासरी विक्री अनुक्रमे १८, ३०, ६ आणि ९ लाख. ही विक्री जीएसटी वगळून आणि परत आलेला माल वजा करून धरलेली आहे.

परत आलेला माल वजा करायचा, हे सांगायला सोपं असलं तरी बहुतेक ठिकाणी होत नाही. प्रतिनिधीचं कमिशन बिल फाटलं की मोजलं जातं. मग टार्गेट गाठायला २९-३० तारखेला स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारला जातो आणि पुढच्या महिन्यात त्यातली खोकी ‘खपली नाहीत’ म्हणून परत येतात. माल जाताना भाडं लागलं, येताना लागलं आणि मधल्यामध्ये कमिशनही दिलं गेलं. ओळखायची खूण साधी आहे: महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतली विक्री आणि पुढच्या पंधरवड्यातला परतीचा माल शेजारी शेजारी मांडावा. दोन्ही एकाच स्टॉकिस्टच्या नावावर फुगलेले दिसले, तर तिथली विक्री नुसती कागदावरची आहे.

आता खर्च. सांगली-कोल्हापुरात प्रवास, कमिशन आणि पोचवणी मिळून रुपयामागे ६ पैसे लागतात. पुणे-साताऱ्यात ९, कोकणात १६ आणि विदर्भात १७. एवढ्यावर थांबलं तर कोकण आणि विदर्भ एकाच माळेचे मणी वाटतात. पण चारही विभागांत विकला जाणारा माल सारखा नाही. कोकणात गरम मसाला आणि माशांच्या मसाल्याची छोटी पाकिटं जास्त जातात. त्यांवर कच्चा माल आणि पॅकिंग वजा जाता रुपयामागे २७ पैसे सुटतात. विदर्भात मुख्यतः हळद आणि मिरची पावडर किलोच्या पिशव्यांत जाते, तीही स्थानिक गिरण्यांशी भावाची स्पर्धा करत, म्हणून तिथं १५च पैसे सुटतात. सांगली-कोल्हापुरात १८ आणि पुणे-साताऱ्यात २०. खर्च वजा केल्यावर घरच्या विभागात १२ पैसे उरतात, पुणे-साताऱ्यात ११, कोकणातही ११ आणि विदर्भात उणे २. खर्चाच्या यादीत शेजारी बसलेले दोन विभाग उरलेल्या पैशांच्या यादीत असे दूर जाऊन पडतात. पोचवायचा खर्च आणि सुटणारे पैसे ही जोडी फोडून नुसता खर्चाचा आकडा बैठकीत ठेवला, तर कोकण विनाकारण बंद होईल.

हे आकडे कुठून येतात, तेही पाहायला हवं. कमिशन काढणं सोपं, ते बिलावरच असतं. प्रवासाला प्रतिनिधींची टीए-डीए बिलं चाळावी लागतात. खरी कसोटी टेम्पोच्या भाड्याची, कारण एक टेम्पो क्वचितच एका गावासाठी सुटतो. समजा पुण्याच्या फेरीचं भाडं हमालीसकट ९,००० रुपये आणि गाडीत दोन लाखांचा माल. त्यातला दीड लाखाचा पुण्याच्या एका मोठ्या वितरकाचा, उरलेला पन्नास हजारांचा सातारा जिल्ह्यातल्या पाच छोट्या दुकानदारांचा. बहुतेक मुनीम हे भाडं विक्रीच्या प्रमाणात वाटतात. मग दोन्हीकडे रुपयामागे साडेचार पैसे येतात आणि सगळं आलबेल दिसतं.

पण टेम्पोवाल्याला विचारा. त्याचे ६,००० रुपये रस्त्यावर जातात आणि ३,००० थांबण्यात. दुकान शोधणं, गल्लीत गाडी घालणं, खोकी मोजून देणं, चलनावर सही घेणं, हे पाच ठिकाणी करावं लागतं आणि पुण्यात एकदाच. म्हणून धावण्याचा खर्च वजनाच्या प्रमाणात आणि थांबण्याचा खर्च थांब्यांच्या संख्येवर वाटायला हवा. वजन विक्रीच्याच प्रमाणात आहे असं धरलं तर साताऱ्याकडे १,५०० अधिक २,५०० असे ४,००० रुपये येतात, म्हणजे रुपयामागे ८ पैसे. पुण्याकडे सव्वातीनच्या थोडं वर. साताऱ्याचा माल निम्म्या वाटेत उतरतो, त्यामुळे अंतर धरून काटेकोर हिशेब केला तर आठाचा आकडा थोडा उतरेल. तरीही साडेचारच्या सरासरीखाली एक स्वस्त गिऱ्हाईक आणि पाच महाग गिऱ्हाइकं लपली होती, हे बदलत नाही. माझ्या मते या सगळ्या पद्धतीची किंमत इथं आहे. विभागाचा आकडा पहिलं दार उघडतो, आणि आत गेल्यावर भेटतात ते थांबे.

कोकणात हे थांब्यांचं गणित सगळ्यात जाचक होतं. आंबा घाट उतरून गाडी खाली गेली की गावं विखुरलेली, दुकानं छोटी, आणि मधे खाडी आली की समोर दिसणाऱ्या गावाला जायला मोठा वळसा. दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट आहे, पण मालाच्या टेम्पोचं वेळापत्रक तिच्यावर बेतता येत नाही. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद आणि भरलेली गाडी वर अडकलेली. आपल्या उदाहरणात महिन्याला ७,००० रुपयांच्या सहा फेऱ्या होतात, म्हणजे ४२,००० रुपये, रुपयामागे ७ पैसे. एका थांब्याला अंदाजे २५० रुपये पडतात. दुकानदारानं २,००० रुपयांचा माल मागवला, तर नुसत्या थांबण्याचेच साडेबारा पैसे झाले. १०,००० चा मागवला तर अडीच. थांबण्याचा खर्च दुकानाच्या मागणीकडे बघत नाही, म्हणून छोटी बिलंच हा आकडा वर नेतात.

उपाय दोन निघतात. एक म्हणजे किमान ५,००० रुपयांची मागणी. दुसरा म्हणजे फेऱ्या सहावरून चारवर आणणं. माल तेवढाच राहिला तर भाडं २८,००० होतं आणि रुपयामागे ७ ऐवजी साधारण पावणेपाच पैसे पडतात. मात्र यात एक फट आहे. फेऱ्यांमधले दिवस वाढले की छोट्या दुकानात माल संपतो, आणि गिऱ्हाईक शेजारच्या कंपनीचं पाकीट उचलतं. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईचे चाकरमानी गावी येतात, तेव्हा ही फट जास्त उघडी पडते. त्या दिवसांत सहा फेऱ्याच ठेवाव्यात आणि एरवी चार. याच कारणानं एका महिन्याच्या आकड्यावर विभागाचा निकाल लावू नये. मिरची-हळदीची वर्षाची खरेदी उन्हाळ्यात होते, त्यामुळे एप्रिलचा आकडा लाजवाब येतो आणि ऑगस्टचा केविलवाणा. बारा महिन्यांची बेरीज घेतल्याशिवाय मी तरी कुणाचं ऐकणार नाही.

आता विदर्भ. ९ लाखांच्या विक्रीवर १,३५,००० रुपये सुटतात आणि खर्च १,५३,००० होतो. महिन्याला १८,००० चा तोटा. साहजिकच मालक म्हणतो, बंद करा. पण १,५३,००० मधले किती रुपये विभाग बंद केल्यावर खरोखर वाचतील? कमिशनचे ४५,००० वाचतील आणि ट्रान्सपोर्टचे ६३,००० वाचतील. प्रवासाचे ४५,००० मात्र दोन प्रकारचे आहेत. त्यातले २५,००० तिथल्या प्रतिनिधीच्या फिरतीचे आणि लॉजचे आहेत, ते वाचतील. उरलेले २०,००० हा विक्री व्यवस्थापकाच्या भाड्याच्या गाडीचा विदर्भावर टाकलेला वाटा आहे. गाडीचं महिन्याचं भाडं ठरलेलं. विदर्भ बंद झाला तरी ती गाडी उभी राहील आणि तेच २०,००० उरलेल्या तीन विभागांच्या डोक्यावर येतील. म्हणजे वाचणार १,३३,००० आणि जाणार १,३५,०००. विभाग बंद करून महिन्याला २,००० चा खड्डा पडेल, आणि पुढच्या वर्षी वाढलेला बोजा दाखवत कोकणही महाग म्हणून बंद करायचं निघेल. अशी साखळी एकदा सुरू झाली की घरचा विभाग तेवढा शिल्लक राहतो.

म्हणून हिशेबाचे दोन रकाने ठेवावे लागतात. एकात विभाग बंद झाल्यावर थांबणारा खर्च, दुसऱ्यात सगळ्यांवर वाटलेला. बंद करायचं की नाही हे पहिल्या रकान्यावर ठरतं. व्यवस्थापकाला गाडी हवी का, हे दुसऱ्यावर. तिन्ही खर्चांचा स्वभाव वेगवेगळा असल्याचाही विसर पडू नये. विक्री दुप्पट झाली तर कमिशन दुप्पट होतं, प्रतिनिधीची फिरती जवळपास तेवढीच राहते आणि टेम्पोचं भाडं फेऱ्या वाढतील तसं पायऱ्यांनी चढतं. आज १७ पैशांचा विभाग विक्री वाढल्यावर १३ चाही होऊ शकतो, पण ते १३ मिळवायला स्कीमवर किती उधळावं लागलं, तेही त्यात धरलं पाहिजे.

विदर्भासाठी आपल्या कारखान्याला तिसरी वाट आहे. नागपुरात एकच मोठा स्टॉकिस्ट नेमायचा, पार्ट लोडऐवजी महिन्यातून दोनदा पूर्ण गाडी पाठवायची, आणि पुढच्या तालुक्यांची पोचवणी त्याच्याकडे सोपवून कमिशन ५ वरून ७ टक्के करायचं. कमिशनचे १८,००० वाढतील. ट्रान्सपोर्टचा खर्च ६३,००० वरून ४०,००० च्या खाली आला आणि प्रतिनिधीची फिरती २५,००० वरून १५,००० झाली, तर महिन्याला निदान १५,००० निव्वळ वाचतात. थांबणाऱ्या खर्चाच्या रकान्यात मग विदर्भ २,००० ऐवजी १७,००० देतो. यात धोका उधारीचा आहे. एकाच माणसाकडे ९ लाखांचा माल जाणार, त्यामुळे साठ दिवसांची उधारी झाली तर १८ लाख अडकून पडतात. दरसाल बारा टक्क्यांनी त्यावरचं व्याज महिन्याला १८,००० होतं, आणि मिळवलेले १७,००० त्यातच जातात. म्हणून स्टॉकिस्टशी बोलणी भाड्याच्या दरानं सुरू न करता पैसे कितव्या दिवशी येणार, या प्रश्नानं सुरू करावी लागतात. तीस दिवसांवर तो तयार झाला, तर पुढचे कागद काढायचे.