पालकांना आधी काय कळायला हवे?

समजा, शाळेची बस दुभाजकाला घासली. घाईत पहिला मसुदा होतो: ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे स्कूलबसला भीषण अपघात. पालकांनी घाबरू नये.’ हे वाचून पालक घाबरणारच, कारण आपले मूल कसे आहे हे त्यात कुठेच नाही. शिवाय चौकशीआधीच दोष ठरवून टाकलेला आहे.

सुधारलेला मसुदा असा: ‘आज सकाळी ७.४० वाजता ४ क्रमांकाची बस वळणावर दुभाजकाला घासली. बसमध्ये २२ मुले होती. तिघांना खरचटले, डॉक्टरांनी तपासून त्यांना घरी पाठवले. बाकीची १९ मुले वर्गात आहेत. कारणाची चौकशी सुरू आहे. उद्या पर्यायी बस नेहमीच्या वेळी येईल. पुढची माहिती उद्या संध्याकाळी ५ वाजता देऊ.’

बसचा क्रमांक दिल्याने इतर बसमधल्या मुलांच्या पालकांचा जीव लगेच भांड्यात पडतो. जखमी मुलांची नावे मात्र सूचनेत देऊ नयेत. त्यांच्या पालकांना सूचना निघण्याआधीच फोन करावा. ‘किरकोळ’ हा शब्द डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वापरू नये. आणि पाच वाजता नवीन काही नसले, तरी तेवढे कळवावेच. नाहीतर ती जागा अफवा घेतात.