गोळीत लोह किती? जांभळ्या थेंबांचा हिशेब

लोहाच्या गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ‘एलिमेंटल आयर्न ६० मिलिग्रॅम’. शाळेत मुलींना मिळणारी निळी गोळी असो की गरोदर बाईला मिळणारी लाल, आकडा हाच. हे लोह गोळीत नुसत्या लोखंडाच्या रूपात नसतं. बहुतेक वेळा ते फेरस सल्फेटच्या, म्हणजे आपल्या जुन्या हिराकसाच्या रूपात असतं. पाकिटावरचा आकडा खरा आहे का, हे बारावीच्या प्रयोगशाळेतल्या ब्युरेटवर तपासता येतं. त्यासाठी लागतं पोटॅशियम परमँगनेट, पूर्वी गावोगावी विहिरीत टाकत ती जांभळी पूड. लोह मोजायची ही रीत मार्गेरित या फ्रेंच रसायनज्ञाने १८४६ मध्ये मांडली.

मुळातली गोष्ट देवाणघेवाणीची आहे. फेरस लोह एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि फेरिक होतं. परमँगनेटचा एक कण असे पाच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणजे तो लोहाच्या पाच कणांना पुरतो.

MnO₄⁻ + 5Fe²⁺ + 8H⁺ → Mn²⁺ + 5Fe³⁺ + 4H₂O

पाच इलेक्ट्रॉन मिळाले की गडद जांभळ्या परमँगनेटचं जवळजवळ रंगहीन मँगनीज होतं. म्हणून फ्लास्कमध्ये फेरस लोह शिल्लक असेपर्यंत पडणारा प्रत्येक थेंब विरून जातो. लोह संपल्यानंतरचा पहिला थेंब मात्र विरत नाही आणि सगळं द्रावण फिकट गुलाबी होतं. वेगळा दर्शक घालावा लागत नाही. हा गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं.

आता एक गोळी घेऊ या. खरं तर पाच घेऊ, कारण एकेका गोळीत थोडा फरक असतोच. आधी वरचं साखरेचं रंगीत आवरण पाण्याखाली धुऊन काढायचं, पण गाभा विरघळू लागायच्या आत थांबायचं. मग गोळ्या खलात कुटून सुमारे १०० मिलिलिटर विरल सल्फ्युरिक आम्लात ढवळायच्या. लोह विरघळतं, गोळी बांधायला वापरलेला स्टार्चसारखा भाग गढूळ राहतो. तो गाळून टाकायचा, गाळणकागद थोड्या आम्लाने धुवायचा आणि सगळं द्रावण उकळून थंड केलेल्या पाण्याने २५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरायचं. पाणी उकळायचं ते त्यातला विरघळलेला ऑक्सिजन घालवण्यासाठी, नाहीतर तो परमँगनेटच्या आधीच लोहाचे इलेक्ट्रॉन घेऊन बसतो.

यातलं २५ मिलिलिटर द्रावण पिपेटने फ्लास्कमध्ये घेतलं, म्हणजे पाच गोळ्यांचा दहावा भाग, अर्धी गोळी. त्यात आणखी थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचं. ब्युरेटमध्ये ०.००५ मोलर परमँगनेट भरायचं. ते इतकं गडद असतं की वक्राचा तळ दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या कडेवर घ्यायचं, सुरुवातीलाही आणि शेवटीही. समजा, जुळणाऱ्या तीन वाचनांची सरासरी आली २१.२ मिलिलिटर.

एका मिलिलिटरमध्ये ०.००५ मिलिमोल परमँगनेट असतं. २१.२ मिलिलिटरमध्ये झालं ०.१०६ मिलिमोल. प्रत्येक कण लोहाच्या पाच कणांना पुरला, म्हणून लोह पाचपट, ०.५३० मिलिमोल. लोहाच्या एका मिलिमोलचं वजन ५५.८५ मिलिग्रॅम, म्हणून फ्लास्कमध्ये लोह होतं २९.६ मिलिग्रॅम. ही अर्धी गोळी. पूर्ण गोळीत ५९.२ मिलिग्रॅम. पाकिटावर ६०, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास फरक. गोळी चांगली आहे. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. तो जास्त पडला तर गोळीमागे फक्त ०.१४ मिलिग्रॅमची चूक होते. हात थोडा चुकला तरी बिघडत नाही. मोठी चूक येते ती दुसरीकडून.

पहिली जागा म्हणजे परमँगनेटची बाटली. हे द्रावण पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याने आणि उजेडाने हळूहळू खचतं. बाटलीवर ०.००५ लिहिलंय, पण आत ०.००४८ उरलंय असं समजा. तेवढंच लोह संपवायला आता २२.१ मिलिलिटर लागतील आणि आपली ५९.२ ची गोळी हिशेबात ६१.७ ची होईल. गोळीत लोह वाढलेलं नाही, परमँगनेटचा जोर कमी झाला आहे. म्हणून ते तपकिरी बाटलीत ठेवायचं आणि वापरायच्या दिवशी शुद्ध सोडियम ऑक्झलेटशी ताडून बघायचं. ही ताडणी साठ-सत्तर अंशांवर करतात, कारण ऑक्झलेट थंड असताना पहिले थेंब विरायला फार वेळ लावतं.

दुसरी जागा आम्लाची. सल्फ्युरिकच हवं. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेटचा काही भाग क्लोराइडपासून क्लोरीन करण्यात खर्च होतो आणि आकडा फुगतो. नायट्रिक घेतलं तर ते स्वतःच लोहाचे इलेक्ट्रॉन घेऊ शकतं आणि आकडा घटतो. आम्ल कमी पडलं तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा दिसतो. तो मँगनीज डायऑक्साइड. तो दिसला की ते वाचन टाकून द्यायचं.

पण माझ्या मते समजून घ्यायची खरी गोष्ट पुढची आहे. परमँगनेट लोह ओळखत नाही. जो इलेक्ट्रॉन देईल त्याच्याकडून ते घेतं, आणि आपण तो सगळा खर्च लोहाच्या नावावर मांडतो. आवरणाची साखर पुरती धुतली गेली नसेल तर गुलाबी रंग येतो, दहा-पंधरा सेकंदांत फिका पडतो, पुन्हा थेंब टाकावा लागतो, पुन्हा फिकटतो. असं होऊ लागलं की समजावं, आता लोह संपलंय आणि खर्च साखरेवर चाललाय. उलट जुन्या, ओल लागलेल्या गोळीत बरंच लोह हवेने आधीच फेरिक झालेलं असतं. त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉन उरत नाही, म्हणून ते गोळीत असूनही मोजलं जात नाही. अशा गोळीच्या द्रावणाला हिरवट छटेऐवजी पिवळट, तांबूस रंग येतो.

याच कारणाने औषधकोशात फेरस सल्फेटच्या गोळ्यांसाठी परमँगनेटऐवजी सिरियमचा क्षार सांगितला आहे. थंड आम्लात तो साखरेच्या वाटेला फारसा जात नाही. त्याला स्वतःचा ठळक रंग नसल्याने फेरॉइन हा दर्शक लागतो.

औषधाच्या दुकानात हल्ली फेरस ॲस्कॉर्बेटच्या गोळ्या पुष्कळ मिळतात. त्यात लोहाच्या एका कणासोबत क जीवनसत्त्वाचे दोन कण असतात आणि प्रत्येकाकडे देण्यासारखे निदान दोन इलेक्ट्रॉन. लोहाचा एक आणि यांचे चार मिळून पाच, म्हणजे परमँगनेट लोह निदान पाचपट दाखवील. फेरस फ्युमरेटचंही तसंच, तिथे फ्युमरेटच परमँगनेट खातं. म्हणून कॉलेजात हा प्रयोग करायचा असेल तर पाकिटावर आधी ‘फेरस सल्फेट’ हे शब्द शोधा, आणि सोबत आणखी काय घातलंय तेही वाचा. गोळीत क जीवनसत्त्व मिसळलेलं असेल तर ती या प्रयोगाला चालणार नाही.