एका अ‍ॅपमधून कॉपी केलेलं दुसऱ्या अ‍ॅपमध्ये पेस्ट का होत नाही? अडतं कुठे, ते असं शोधा

सोलापूर : 'सकाळपासून कॉपी करतोय, पेस्टच होईना बघ. फोन बदलावा लागतोय की काय?' नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान असलेल्या ओळखीच्या काकांनी गेल्या आठवड्यात फोन पुढे केला. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने बँकेचा तपशील व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तो बँकेच्या अ‍ॅपमध्ये टाकून पैसे पाठवायचे होते. मेसेज कॉपी होत होता, पण खाते क्रमांकाच्या रकान्यात काहीच उमटत नव्हतं.

अशी तक्रार अनेकांची असते. फोनमध्ये बिघाड आहे असं वाटतं, पण बहुतेक वेळा बिघाड नसतो. कॉपी केलेला मजकूर ज्या रस्त्याने जातो, त्यावर कुठेतरी अडवणूक असते. ती कुठे आहे हे दोन मिनिटांत शोधता येतं.

आधी ही एक चाचणी करा

काकांच्या फोनवर पहिलं काम केलं ते असं : व्हॉट्सअ‍ॅपमधला मेसेज कॉपी केला, फोनमधलं साधं नोट्सचं अ‍ॅप उघडलं आणि रिकाम्या जागेत बोट दाबून धरून पेस्ट केलं. तिथे सगळा मेसेज व्यवस्थित आला. याचा अर्थ कॉपी होत होतं आणि क्लिपबोर्डही शाबूत होता. अडचण बँकेच्या रकान्यात होती.

नोट्समध्येही काही आलं नसतं, तर अडचण कॉपी करण्यात किंवा फोनच्या बाजूला आहे असं समजलं असतं. ऑफिसचं वेगळं वर्क प्रोफाइल किंवा सुरक्षित फोल्डर असेल, तर आतलं कॉपी केलेलं बाहेर पेस्ट होऊ न देण्याची सोय त्यात असते. ते बंधन कंपनीने घातलेलं असेल, तर तुमच्या सेटिंगमधून निघत नाही.

रकाना नाही का म्हणतो?

नोट्समध्ये आलेला मजकूर नीट पाहिल्यावर उत्तर मिळालं. व्यापाऱ्याने नाव, खाते क्रमांक आणि IFSC हे सगळं एकाच मेसेजमध्ये लिहिलं होतं. मेसेजवर बोट दाबून कॉपी केलं की पूर्ण मेसेज कॉपी होतो. खाते क्रमांकाचा रकाना मात्र फक्त अंक घेतो. काही अ‍ॅप्स असा मजकूर थेट नाकारतात. काही अ‍ॅप्स अक्षरं गाळून उरलेले अंक ठेवतात, आणि तिथे खरा धोका आहे. IFSC मधले अंक खाते क्रमांकाला चिकटतात आणि क्रमांक चुकतो. खाते क्रमांक १२३ असा देवनागरी अंकांत लिहिलेला असेल, तरी इंग्रजी अंक मागणारा रकाना तो घेत नाही.

यावर उपाय सोपा आहे. मजकूर नोट्समध्ये पेस्ट करायचा, तिथे फक्त खाते क्रमांक निवडून पुन्हा कॉपी करायचा आणि मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये जायचं. तरीही पेस्टचा पर्याय आला नाही, तर बँकेने त्या रकान्यात पेस्ट मुद्दाम बंद केलेलं असू शकतं. 'पुन्हा खाते क्रमांक टाका' या दुसऱ्या रकान्यात तर ते बऱ्याचदा बंद असतं. क्रमांक हाताने टाइप करून तपासला जावा, हा त्यामागचा हेतू आहे.

परवानगी कुठे शोधायची?

अँड्रॉइडवर कॅमेरा किंवा माइकसारखी क्लिपबोर्डची परवानगी अ‍ॅपच्या यादीत नसते, त्यामुळे शोधूनही सापडत नाही. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून एक नियम आहे. समोर उघडं असलेलं अ‍ॅप आणि निवडलेला कीबोर्ड, एवढ्यांनाच क्लिपबोर्ड वाचता येतो. मागे चालणारी अ‍ॅप्स तो वाचू शकत नाहीत. जुनी 'क्लिपबोर्ड मॅनेजर' अ‍ॅप्स त्यामुळेच निकामी झाली. अँड्रॉइड १२ पासून एखाद्या अ‍ॅपने दुसऱ्या अ‍ॅपचं कॉपी केलेलं वाचलं की खाली छोटी सूचना दिसते. अँड्रॉइड १३ पासून कॉपी केलेली गोष्ट साधारण तासाभराने आपोआप पुसली जाते. सकाळी कॉपी करून दुपारी पेस्ट करायला गेलात आणि काही आलं नाही, तर कारण हेच असू शकतं.

आयफोनवर मात्र परवानगी आहे. iOS 16 पासून अ‍ॅप पेस्ट करण्याआधी विचारतं. तेव्हा चुकून 'नाही' म्हटलं असेल, तर सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या नावावर जाऊन Paste from Other Apps पाहा.

कीबोर्डची यादी वेगळी

इथे काका थोडक्यात वाचले. पेस्ट होईना म्हणून त्यांनी जीबोर्डच्या क्लिपबोर्डमधून एक क्रमांक निवडला होता. तो महिन्यापूर्वी पिन करून ठेवलेला दुसऱ्याच व्यापाऱ्याचा होता. दोघांची खाती एकाच शाखेतली, त्यामुळे सुरुवातीचे अंक सारखे. शेवटचे चार अंक मेसेजशी जुळवले तेव्हा चूक लक्षात आली.

फोनचा क्लिपबोर्ड एका वेळी एकच, सर्वांत ताजी गोष्ट धरून ठेवतो. कीबोर्ड स्वतःची वेगळी यादी ठेवतो. जीबोर्ड ती तासाभराने पुसतो, पण पिन केलेलं तसंच राहतं. म्हणून पैशांच्या कामात कीबोर्डच्या यादीवर बोट ठेवू नका. रकान्यातच बोट दाबून धरा आणि पेस्ट निवडा. त्यातून ताजी कॉपीच येते.

कीबोर्डवर संशय असेल, तर सेटिंगमध्ये अ‍ॅप्सच्या यादीतून तो कीबोर्ड उघडून फोर्स स्टॉप करा आणि कॅशे पुसा. 'डेटा' पुसू नका. त्याने पिन केलेलं आणि कीबोर्डने शिकलेले शब्द जातात. अनोळखी कीबोर्ड अ‍ॅप टाकू नका, कारण निवडलेल्या कीबोर्डला क्लिपबोर्ड वाचता येतो.

मेमरी कमी असली की काय होतं?

काकांचा फोन ३ जीबी रॅमचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन परत येईपर्यंत बँकेचं अ‍ॅप पुन्हा पिन मागत होतं आणि भरलेला फॉर्म रिकामा होत होता. 'कॉपी केलेलं उडालं' असं त्यांना वाटलं. पण जागा कमी पडली की अँड्रॉइड मागे पडलेली अ‍ॅप्स बंद करतं. क्लिपबोर्ड अ‍ॅपमध्ये नसतो, तो फोनच्या मुख्य प्रणालीकडे असतो. त्यामुळे अ‍ॅप बंद झालं तरी कॉपी टिकते. फोन रीस्टार्ट केला तर मात्र जाते.

फरक ओळखायची खूण अशी : फक्त बँकेचंच अ‍ॅप पुन्हा पिन मागत असेल, तर ती बँकेची सुरक्षा असू शकते. इतर अ‍ॅप्सही परत गेल्यावर पहिल्यापासून सुरू होत असतील, तर मेमरी कमी पडते आहे. तेव्हा नको असलेली अ‍ॅप्स बंद करा आणि बँकेचं अ‍ॅप उघडण्याआधीच नोट्समधून क्रमांक कॉपी करून ठेवा. म्हणजे मधे ये-जा करावी लागत नाही.

फोटोचं थोडं वेगळं आहे. बऱ्याचदा फोटो नव्हे, तर त्याचा फोनमधला पत्ताच कॉपी होतो. मूळ अ‍ॅपने ती तात्पुरती फाइल काढून टाकली तर पेस्ट फसतं. त्यापेक्षा 'शेअर' वापरा.

पैसे पाठवण्याआधी

काकांनी शेवटी योग्य क्रमांक टाकला, पण बटण लगेच दाबलं नाही. एनईएफटीमध्ये पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळवून नव्हे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बँकांना आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला सांगितलं. तुमच्या अ‍ॅपमध्ये ते नाव दिसत असेल, तर वाचा. शेवटचे चार अंक मूळ मेसेजशी जुळवा. काकांनी व्यापाऱ्याला फोन करून ते चार अंक तोंडी विचारले आणि मगच पैसे सोडले.