पत्ते संपले, तेव्हा

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही ४ मध्ये, पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यातून जास्तीत जास्त ४२९ कोटी पत्ते निघतात. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच विभागीय संस्थांना वाटले गेले आणि साठा रिकामा झाला. आशियाच्या वाट्याचे मोकळे पत्ते तर त्याच एप्रिलमध्ये संपत आले.

पर्याय तयारच होता. आयपीव्ही ६ चा पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे टंचाईचा प्रश्नच नाही. अडचण अशी, की या दोन पद्धती एकमेकींशी थेट बोलू शकत नाहीत. म्हणून ड्युअल स्टॅकचा मार्ग निघाला: एकाच फोनला किंवा सर्व्हरला दोन्ही पत्ते द्यायचे. दोन्ही उपलब्ध असले तर ब्राउझर आधी नवा मार्ग धरतो आणि क्षणभरात उत्तर आले नाही तर जुनाही आजमावतो. पण यात जुना पत्ता लागतोच. भरपूर शिल्लक होते तेव्हाच ही तयारी व्हायला हवी होती. जगाने उशीर केला, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे आता अनेक ग्राहकांना एकच जुना पत्ता वाटून द्यावा लागतो.

मधले जाळे जुनेच असेल, तर टनेलिंग करतात. नवे पॅकेट जुन्या पॅकेटच्या पोटात घालून पाठवायचे, जसे एका लिफाफ्यात दुसरा लिफाफा. फ्रान्समधल्या ‘फ्री’ या कंपनीने २००७ मध्ये याच युक्तीने सुमारे पाच आठवड्यांत ग्राहकांना आयपीव्ही ६ दिले. ग्राहकाच्या जुन्या पत्त्यावरूनच त्याचा नवा पत्ता तयार होई आणि बोगदा कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातच राही, म्हणून तो भरवशाचा ठरला.

बाहेरचा लिफाफा मात्र जागा खातो. साधारण पॅकेट १५०० बाइटचे असते. त्यातले २० बाइट बाहेरच्या मथळ्यात जातात आणि आत १४८० उरतात. आयपीव्ही ६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही. ‘फार मोठे आहे’ असा निरोप तो पाठवणाऱ्याला धाडतो. एखाद्या फायरवॉलने हा निरोप अडवला, की पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. लक्षण ओळखीचे आहे: साइटशी जोडणी होते, पिंगला उत्तर येते, पण पान अर्ध्यावर अडकते. यावर उपाय म्हणजे ते निरोप येऊ देणे आणि राउटरवर त्या बोगद्याचे एमटीयू १४८० ठेवणे.

तुमच्या राउटरच्या पानावर WAN IP बघा. तो 100.64 ते 100.127 यांतल्या एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर तुमचा जुना पत्ता इतरांसोबत वाटलेला आहे. घरचा कॅमेरा बाहेरून थेट बघायचा असेल तर तो पत्ता कामाचा नाही. त्याच राउटरवर IPv6 बंद असेल तर ते सुरू करा, आणि कंपनीकडून मिळत नसेल तर मागून घ्या.