सुंता केल्याने ताकद जाते का?

आपल्या समाजात सुंता हा धार्मिक विधी नाही. त्यामुळे हा प्रश्न घरात येतो तो बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीतून. समजा, तुंगार्लीतील एक पंचेचाळिशीचा गृहस्थ आहे. मधुमेह सात-आठ वर्षांचा. लिंगाच्या पुढच्या कातडीला वारंवार चिरा पडतात, जखमा भरताना कातडी आखडते आणि शेवटी ती मागे सरकतच नाही. याला फायमोसिस म्हणतात. सर्जन सुंता सुचवतात. मित्र सांगतात, "करू नकोस, संवेदना मरते." दुसरा सांगतो, "कर, जास्त वेळ टिकशील." दोघांनीही हे कुठून तरी ऐकलेले असते.

याचे उत्तर शोधायचे तर ज्या प्रौढ पुरुषांची शस्त्रक्रिया झाली, त्यांना आधीही आणि नंतरही विचारायला हवे. शिवाय ज्यांची झाली नाही, अशा तशाच पुरुषांनाही तेच प्रश्न विचारायला हवेत. असा मोठा अभ्यास केनियातील किसुमू शहरात झाला. एचआयव्हीची लागण सुंतेमुळे कमी होते का, हे पाहण्यासाठी तो आखला होता, पण त्यात लैंगिक प्रश्नही विचारले गेले. १८ ते २४ वर्षांचे २,७८४ तरुण होते. कोणाची सुंता लगेच करायची आणि कोणाची दोन वर्षांनी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले.

सुरुवातीला दोन्ही गटांत साधारण चारांपैकी एकाने काही ना काही तक्रार सांगितली होती: ताठरता कमी, वीर्यपतन लवकर, संबंधात दुखणे, इच्छा नसणे. दोन वर्षांनी सुंता झालेल्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आले. फक्त एवढेच वाचले तर कोणीही म्हणेल, शस्त्रक्रियेने गुण आला! पण सुंता न झालेल्या गटातही ते सुमारे ६ टक्क्यांवरच आले होते. म्हणजे तक्रारी घटल्या त्या इतर कारणांनी. सुंतेने त्या वाढवल्या नाहीत आणि बऱ्याही केल्या नाहीत. तुलनेचा गट नसेल, तर एखाद्याचा "मला फरक पडला" हा अनुभव खरा असूनही त्याचे कारण चुकीचे धरले जाते, ते असे.

संवेदनेचे काय? कातडीत मज्जातंतूंची टोके भरपूर असतात आणि ती काढली की तेवढा भाग जातो, हे खरेच आहे. कॅनडात ६२ पुरुषांवर बारीक तारेचा स्पर्श, उष्णता आणि वेदना मोजून पाहिली. हलक्या स्पर्शाला पुढची कातडी सर्वांत जास्त संवेदनशील निघाली. लिंगाच्या टोकाची संवेदना मात्र सुंता झालेल्या आणि न झालेल्या पुरुषांत सारखीच होती. टोक उघडे राहून निबर होते, या समजुतीला त्यात आधार मिळाला नाही.

टिकण्याबाबत २००५ साली पाच देशांतील जोडप्यांनी घरी स्टॉपवॉच लावून वेळ मोजला. तुर्कस्तान वगळता उरलेल्या देशांत सुंता झालेल्यांचा मधला आकडा ६.७ मिनिटे, न झालेल्यांचा ६ मिनिटे. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने धरण्याजोगा नव्हता. शीघ्रपतनावर उपाय म्हणून कोणी सुंता सुचवत असेल, तर पैसे वाचवा.

आता मर्यादा. किसुमूचे तरुण निरोगी होते आणि स्वतःहून आले होते. आपला पंचेचाळिशीचा मधुमेही तसा नाही. कोरियातील एका पाहणीत बऱ्याच पुरुषांनी सुंतेनंतर हस्तमैथुनातील सुख घटल्याचे सांगितले होते. तिथे गट चिठ्ठीने ठरलेले नव्हते, तरी त्यांचे म्हणणे खोटे धरू नये. कातडी गरजेपेक्षा जास्त कापली गेली, तर ताठरतेच्या वेळी ओढ बसते आणि दुखते. व्रण जाड झाला तरी त्रास होतो. ही तक्रार घेऊन सर्जनकडे परत जावे, लाजू नये.

आपल्या गृहस्थाचा खरा घोळ मधुमेहाचा आहे. वाढलेली साखर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडवते, आणि ताठरता तिथूनच जाते. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ताठरता कमी वाटली, तर दोष सुंतेवर जातो. म्हणून शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे: पहाटे ताठरता येते का, संबंधात टिकते का, कधीपासून कमी झाली. तेच कागदावर लिहून ठेवले, की नंतर तुलना करता येते. साखर आटोक्यात आणूनच शस्त्रक्रिया करावी, नाहीतर जखम चिघळते. त्यानंतर सहा आठवडे संबंध टाळावेत. आणि मलम लावून कातडी सैल होते का, हे शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे; कातडी पांढरी पडून कडक झाली नसेल, तर पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.